सीपॅप सोसत नाही म्हणून थेट ऑपरेशन? आधी झोपेतला घसा बघून घ्या

पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी तासगावचा, वय ५१, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ८५ किलो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे. झोपेच्या तपासणीत एएचआय ३८ आला, म्हणजे तासाला ३८ वेळा श्वास थांबतो किंवा अडकतो, ऑक्सिजन ७६ पर्यंत उतरला. मास्कमधून दाबाची हवा सोडून घसा उघडा ठेवणारं सीपॅपचं ऑटो मशीन विकत घेतलं, पण लावलं की सुरुवातीला गुदमरतं, मध्यरात्री वाऱ्याचा झोत लागतो, तोंड कोरडं ठाक पडतं. दीड वाजता मास्क कधी काढून टाकतो ते मलाच कळत नाही. एका सर्जननी टाळूचं ऑपरेशन सांगितलंय, म्हणजे मशीनपासून कायमची सुटका. माझा भाचा न्यू जर्सीत आहे, त्याच्या साहेबाने छातीत यंत्र बसवून जिभेच्या नसेला करंट द्यायची सोय करून घेतलीय आणि तो आता मस्त झोपतो म्हणे. मागच्या महिन्यात संध्याकाळी घरी येताना मोटारसायकलवर डुलकी लागून गाडी साइडपट्टीवर उतरली, तेव्हापासून घरचे घाबरलेत. टाळू की यंत्र? सगळे रिपोर्ट जोडलेत.

उत्तर

नमस्कार. रिपोर्टांची अख्खी चळत पाठवलीत ते बरं केलंत, नाहीतर मला अंदाजपंचे लिहावं लागलं असतं. माझं मत आधीच सांगून टाकते. टाळूच्या ऑपरेशनची तारीख घेतली असेल तर पुढे ढकला. भाचा यंत्राची चौकशी करत असेल तर करू दे, पण पैशांची जुळवाजुळव एवढ्यात नको. या दोन्हींतलं तुम्हाला काय लागू पडेल, की तिसरंच काही, हे ज्या एका तपासणीवरून कळतं ती तुमच्या कागदांत नाही. तुम्हाला गुंगी देऊन, घोरायला लावून, दुर्बिणीतून घसा नेमका कुठे आणि कसा मिटतो हे अजून कुणी बघितलेलंच नाही.

पण त्याच्याही आधी मशीन. 'सोसत नाही' असं लिहिण्यापूर्वी ते का सोसत नाही हे बघायला हवं, आणि तुमच्या बाबतीत कारण कागदावर लख्ख दिसतंय. मशीनमधून काढलेल्या रिपोर्टचं दुसरं पान घ्या. दाब ४ ते २०. हे मशीन खोक्यातून निघतं तेव्हाचं सेटिंग, ते तसंच राहिलंय. मोठ्या माणसाला पाण्याच्या ४ सेंटिमीटरएवढा दाब पुरत नाही, हवा कमी पडतेय असं वाटतं. तुमचं सुरुवातीचं गुदमरणं ते हेच. त्याच पानावर खाली आहे की रात्रीचा ९५ टक्के वेळ १३ किंवा त्याहून कमी दाबावर भागलं. म्हणजे मशीन ८ ते १४ मध्ये बांधून दिलं असतं तर खालचा गुदमरा आणि वरचा झोत, दोन्ही बरेच कमी झाले असते. आता गळतीचा आकडा बघा: मिनिटाला ४६ लिटर. तुमच्या मशीनमध्ये २४ च्या वर गेली की ती जास्त धरतात. तुमचा मास्क नाकाचा आहे आणि नाक तर बंद. मग तोंड उघडतं, हवा तिथून निघून जाते, मशीन आणखी जोर लावतं, घसा सुकतो आणि झोपेतच हात मास्ककडे जातो.

नाकाच्या दुर्बिणीच्या चिठ्ठीत पडदा डावीकडे वाकलेला आणि बाजूची मांसल पाळी सुजलेली असं लिहिलंय. तुम्ही दिवसभर हळदीच्या सौद्यात असता, पोती फोडली की जी पूड उडते ती कुठे जाते हे मी सांगायला नको. यार्डात मास्क लावा, घरी आल्यावर कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुवा, आणि तुमच्या कान-नाक-घसा डॉक्टरांना विचारून स्टिरॉइडचा नाकातला फवारा रोज, न चुकता, निदान सहा आठवडे वापरा. 'वाटलं तेव्हा मारला' असा तो उपयोगाचा नाही. एवढं करूनही नाक मोकळं झालं नाही तर पडद्याचं ऑपरेशन करायला माझी हरकत नाही. मात्र ते कशासाठी करायचं हे पक्कं असू द्या. नाक सरळ करून झोपेतलं श्वास थांबणं बरं होत नाही, एएचआय जवळपास तिथेच राहतो. फायदा असा की सीपॅपला लागणारा दाब सरासरी दोनेक सेंटिमीटरने उतरतो आणि जो मास्क नकोसा होता तो सोसायला लागतो. बऱ्याच जणांचं दुखणं तिथेच निभावतं.

तुमचा वापर रात्रीला सरासरी १ तास ५० मिनिटं आहे. आठवड्यातून पाच रात्री, किमान चार तास, एवढा वापर जमत नसेल तर 'सीपॅप सोसत नाही' असं धरतात. त्या हिशेबाने तुम्ही त्यात बसता. पण दाब बांधून, नाक मोकळं करून, गरज पडल्यास तोंडही झाकणारा मास्क लावून आणखी सहा आठवडे बघा. त्यानंतरही वापर चार तासांवर गेला नाही, तर मग पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे असं समजून वाचा.

जागेपणी घसा तपासून फारसं कळत नाही, कारण जागेपणी घशाचे स्नायू त्याला ताणून उघडा ठेवतात. झोप लागली की तो ताण जातो आणि कुणाचा टाळूपाशी, कुणाचा जिभेच्या मुळाशी, कुणाचा दोन्हीकडे घसा मिटतो. म्हणून झोपेतली एन्डोस्कोपी करायची. आम्ही तिला डाइस म्हणतो. ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ शिरेतून प्रोपोफॉल किंवा तसलंच औषध अगदी सावकाश, पंपावर सोडतात. मी नाकातून बारीक दुर्बीण घालून वाट बघत असते. पहिली काही मिनिटं नुसतीच शांतता. मग घोरणं सुरू होतं, वाढतं, आणि एकदम बंद पडतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल गाढ झोप लागली. पण छाती आत ओढली जाते तेव्हा पोट बाहेर येत असतं, श्वासासाठी झटापट चालू असते आणि हवा जात नसते. मॉनिटरवर ऑक्सिजन उतरायला लागतो. त्या वीस-तीस सेकंदांत दुर्बिणीतून जे दिसतं, त्यासाठी हा सगळा खटाटोप.

चार जागा बघतात: मऊ टाळू, टॉन्सिलच्या पातळीवरच्या बाजूच्या भिंती, जिभेचं मूळ आणि श्वासनळीवरची झडप. प्रत्येक जागी अर्धवट मिटतं की पूर्ण, आणि कुठल्या दिशेने, हे लिहायचं. मग मदतनीस तुमचा खालचा जबडा हाताने थोडा पुढे उचलतो. तेवढ्यानेही घसा उघडला, तर रात्री जबडा पुढे धरून ठेवणारी दातांची पट्टी तुम्हाला चालण्याची शक्यता असते. ती पट्टी ऑपरेशनच्या मानाने स्वस्त आणि काढून ठेवता येणारी. पण तिला धरायला पुरेसे घट्ट दात लागतात. तुमच्या पत्रात दातांचं काहीच नाही, ते आरशात तुम्हीच बघा.

या तपासणीला मर्यादा आहेत. औषधाची झोप म्हणजे खरी झोप नव्हे, स्वप्नांच्या टप्प्यातली झोप तीत येत नाही आणि अनेकांचा श्वास त्या टप्प्यात जास्त अडकतो. औषध जास्त झालं तर कुणाचाही घसा मिटेल, धडधाकट माणसाचासुद्धा. आणि तीच चित्रफीत दोन डॉक्टरांनी बघितली तर किती मिटलं याबद्दल मतभेद होतात. तरीही आंधळेपणाने टाळू कापण्यापेक्षा हे शंभर वाट्यांनी बरं.

या तपासणीत सगळं ज्यावर ठरतं ती गोष्ट म्हणजे टाळू मिटण्याची तऱ्हा. काहींचा टाळू पुढून मागे जाऊन मागच्या भिंतीला चिकटतो. काहींच्या मात्र टाळूसकट दोन्ही बाजूच्या भिंती आत येतात आणि सगळा घेर एकदम आवळतो, चंचीची नाडी ओढल्यासारखा. या दुसऱ्या प्रकाराला आम्ही गोलाकार मिटणं म्हणतो. तो पूर्ण असेल तर भाच्याच्या साहेबाचं ते यंत्र तुमच्या कामाचं नाही.

का, ते यंत्र कसं चालतं यावरून लक्षात येईल. जीभ पुढे ढकलणारा मुख्य स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूपासून पंख्यासारखा पसरलेला असतो, आणि त्याला हलवणारी नस जबड्याखालून जाते. वैद्यकीय भाषेत ती हायपोग्लॉसल, डोक्यातून निघणाऱ्या बारा नसांतली बारावी. तिच्या काही फांद्या जीभ पुढे काढतात, काही मागे ओढतात. सर्जन हनुवटीखाली छेद घेऊन या फांद्या वेगळ्या करतो, प्रत्येकीला हलकासा करंट देऊन कुठला स्नायू हलतो ते मॉनिटरवर तपासतो, आणि फक्त पुढे काढणाऱ्या फांद्यांभोवती एक मऊ कडं गुंडाळतो. मागे ओढणारी एखादी फांदी कड्यात राहून गेली तर जीभ नीट पुढे येत नाही, म्हणून टेबलावरच करंट देऊन जीभ सरळ बाहेर येते का ते बघूनच छेद बंद करतात. उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, पेसमेकरसारखा दिसणारा बॅटरीचा डबा बसतो आणि कड्याची वायर कातडीखालून तिथपर्यंत आणतात. श्वास ओळखायला आधी बरगड्यांच्या मध्ये आणखी एक वायर घालत, नव्या मॉडेलमध्ये श्वास ओळखायची सोय डब्यातच आहे. श्वास आत घेताना करंट, आणि जीभ थोडी पुढे. जिभेचा आणि टाळूचा स्नायू एकमेकांशी जोडलेले असल्यामुळे जीभ पुढे आली की टाळूही पुढे ओढला जातो. म्हणूनच पुढून मागे मिटणारा टाळू यंत्राने उघडतो. बाजूच्या भिंती मात्र जीभ पुढे येऊन बाहेर सरकत नाहीत, त्यामुळे नाडी ओढल्यासारखा आवळणारा घसा तसाच राहतो.

याच्यामागे चांगला अभ्यास आहे. २०१४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये १२६ रुग्णांचे निकाल आले, सगळे सीपॅप न सोसणारे. मध्यक एएचआय २९.३ होता, वर्षाने तो ९ वर आला. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीएने यंत्राला मान्यता दिली. पण एक बारकावा बघा: ठरवलेल्या कसोटीवर, म्हणजे एएचआय निम्म्याहून खाली आणि २० च्या आत, साधारण दोन तृतीयांश रुग्ण उतरले. उरलेल्यांना, म्हणजे तिघांतल्या एकाला, हवा तेवढा फायदा झाला नाही, आणि हे रुग्ण डाइस करून, गोलाकार मिटणारे आधीच वगळून, निवडलेले होते. आणखी एक गोष्ट त्यांनी करून बघितली. ज्यांना फायदा झाला त्यांच्यातले ४६ जण घेऊन त्यांतल्या निम्म्यांचं यंत्र एक आठवडा बंद ठेवलं. त्यांचा सरासरी एएचआय ७.६ वरून २५.८ वर गेला. म्हणजे हे बरं करणारं ऑपरेशन नव्हे, दुखणं रोज रात्री धरून ठेवणारं यंत्र आहे. 'मशीनपासून सुटका' हवी असेल तर ही दुसऱ्या मशीनशी गाठ आहे, फक्त तोंडावर मास्क नाही.

ती गाठ कशी असते तेही ऐका. ऑपरेशननंतर जखम भरायला सुमारे महिनाभर यंत्र बंदच ठेवतात. मग चालू करून करंट किती जाणवतो आणि कितीला जीभ पुढे येते ते बघतात, आणि तुमच्या हातात रिमोट देतात. झोपताना बटण दाबायचं. ठरावीक वेळाने, बहुधा अर्ध्या तासाने, तोपर्यंत झोप लागलेली असते, करंट सुरू होतो. दर काही दिवसांनी एक पायरी वाढवत न्यायचं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा रात्रभराची झोपेची तपासणी, तीत तंत्रज्ञ करंट वरखाली करून कितीवर श्वास थांबत नाही ते शोधतो. जीभ दातांना घासून सोलपटणं, करंटने जाग येणं, सुरुवातीला जिभेत अशक्तपणा, बोलताना अडखळणं, ही कटकट होते आणि बहुतेकांची सेटिंग बदलून जाते. बॅटरी सुमारे ११ वर्षांनी संपते, मग डबा बदलायचं छोटं ऑपरेशन. एमआरआय करायची वेळ आली तर आधी मॉडेल कोणतं ते सांगावं लागतं, जुन्यांना बंधनं आहेत.

तुमच्या कागदांवर या यंत्राच्या अटी लावून बघू. अमेरिकेत सध्या एएचआय १५ ते १०० आणि बीएमआय ४० पर्यंत मान्यता आहे. तुमचा एएचआय ३८, बीएमआय ३०. मेंदूकडूनच श्वासाचा हुकूम येत नाही असे प्रसंग एकूण प्रसंगांच्या चौथाईपेक्षा कमी हवेत. तुमचे तासाला २ आहेत, म्हणजे ३८ पैकी जेमतेम पाच टक्के. इथवर पास. उरली टाळूची तऱ्हा, आणि ती कुणालाच माहीत नाही.

आता टाळूचं ऑपरेशन. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही, माणूस बघून करायचं असतं. टॉन्सिल लिंबाएवढे, जीभ खाली, वजन बेताचं, असा पंचविशीतला मुलगा आला तर मी स्वतः टॉन्सिल काढून टाळू घट्ट करून द्यायला तयार असते. तुमच्या चिठ्ठीत टॉन्सिल ग्रेड १, आणि 'आ' केल्यावर जीभ इतकी वर की मागे फक्त कडक टाळू दिसतो, असं आहे. फ्रीडमन या सर्जनने २००२ मध्ये आपल्याच रुग्णांचे असे गट पाडून जुन्या पद्धतीच्या टाळूच्या ऑपरेशनचा निकाल बघितला. मोठे टॉन्सिल आणि खाली बसलेली जीभ, या पहिल्या गटात दहापैकी आठ जणांना गुण आला. लहान टॉन्सिल आणि उंच जीभ, या तिसऱ्या गटात शंभरात आठ जणांना. तुम्ही तिसऱ्या गटात बसता. ज्या सर्जननी तुम्हाला सांगितलं त्यांना एवढंच विचारा: 'डाइस न करता आणि मी फ्रीडमनच्या तिसऱ्या गटात असताना, तुम्ही कोणती पद्धत करणार आहात?' आता टाळू कापून टाकण्यापेक्षा बाजूच्या भिंतींचे स्नायू फिरवून, ताणून बांधायच्या पद्धती आल्या आहेत, आणि गरजेप्रमाणे जिभेचं मूळही बारीक करतात. ऑस्ट्रेलियात १०२ जणांवर झालेल्या तुलनेचा निकाल २०२० मध्ये आला: टाळू आणि जीभ दोन्हीचं ऑपरेशन झालेल्यांचा एएचआय ४८ वरून २१ वर आला, नुसत्या औषधपाण्यावर असलेल्यांचा ४५ वरून ३४.५ वर. फायदा खरा आहे. पण २१ म्हणजे अजूनही मध्यम तीव्रतेचं दुखणं, हेही तितकंच खरं.

आणि त्याची किंमत. दोन आठवडे गिळताना असा ठणका की भाकरी बघवत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत रक्तस्रावाचा धोका. पूर्वीच्या पद्धतीत जास्त कापलं गेलं तर पाणी नाकातून येतं, घशात कायम काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, आणि एवढं करून सीपॅप पुन्हा लावायची वेळ आली तर हवा तोंडातून निसटायला लागते. मला सगळ्यात जास्त भीती वेगळ्याच गोष्टीची वाटते. टाळू घट्ट झाला की घोरणं थांबतं, घरचे पेढे वाटतात, आणि श्वास थांबणं मात्र आवाज न करता चालूच राहतं. कोणतंही ऑपरेशन करा, तीन महिन्यांनी झोपेची तपासणी पुन्हा केल्याशिवाय ते लागू पडलं असं म्हणू नका.

डाइसमध्ये घेर आवळताना दिसला, तर काय? तुमच्या वयात आणि वजनात हे दिसायची शक्यता मी बरीच धरते. तेव्हा तीन वाटा उरतात. पहिली वजनाची. वजन दहा टक्के उतरलं तर एएचआय साधारण चौथाईने उतरतो असं जुन्या मोठ्या अभ्यासात दिसलंय. तुमच्या हिशेबाने साडेआठ किलो उतरवून ३८ चा २८ होईल, म्हणजे नुसत्या वजनावर भागणार नाही, पण सीपॅपचा दाब उतरेल. दुसरी वाट म्हणजे आधी बाजूच्या भिंती ताणायचं टाळूचं ऑपरेशन, मग पुन्हा डाइस. काही रुग्णांत त्याने घेर आवळणं जातं आणि यंत्राची वाट मोकळी होते. म्हणजे दोन ऑपरेशनं, दोन खर्च.

तिसरी वाट जबड्यांची, आणि नुसत्या परिणामाचा विचार केला तर सीपॅपच्या सगळ्यात जवळ पोहोचणारी. तोंडाच्या आतून वरचा आणि खालचा, दोन्ही जबडे कापून सुमारे १० मिलिमीटर पुढे आणतात आणि प्लेट-स्क्रूने बसवतात. मऊ टाळू, जीभ, बाजूच्या भिंती, सगळं त्या हाडांना टांगलेलं असल्यामुळे घशाचा सांगाडाच रुंद होतो. गोलाकार मिटणाऱ्यांनाही ते चालतं. निवडलेल्या रुग्णांत पाचपैकी चारांहून अधिकांना ठरलेल्या कसोटीवर गुण येतो. पण काही आठवडे मऊ आणि पातळ खाणं, खालच्या ओठाची बधिरता जी काहींची कायम राहते, चावा बदलणं, चेहऱ्याची ठेवण बदलणं, हे सगळं कबूल असावं लागतं. खालचा जबडा मुळातच आत गेलेला असेल तर हे मी आधी सुचवते. तुमचा फोटो बघून तसं वाटत नाही, तुमच्यासाठी मी ते शेवटी ठेवीन.

यंत्राकडेच जायचं ठरलं, तर खर्च अनेक लाखांत जातो, हे भाच्याने डॉलरमध्ये सांगितलंच असेल. भारतात बसवायचं तर ज्या केंद्रात जाल तिथे पैशाआधी हे विचारा. शरीरात बसवायच्या उपकरणाला केंद्रीय औषध नियंत्रकाची नोंदणी लागते, या मॉडेलला ती आहे का? करंट बसवायला आणि दर काही महिन्यांनी बदलायला प्रशिक्षित माणूस तुमच्याकडे आहे का? सेटिंग बिघडली तर तासगावच्या माणसाने किती वेळा मुंबईला यायचं? विमा कंपनीकडून मंजुरी लेखी आणता का? आणि अमेरिकेत जाऊन बसवून यायचा बेत असेल, तर परत आल्यावर सेटिंग कोण करणार, याचं उत्तर आधी मिळवा. बसवणारा भेटतो, नंतर सांभाळणारा मिळणं अवघड.

एवढ्या सगळ्यात मोटारसायकल विसरू नका. उपचार लागू पडेपर्यंत संध्याकाळी परतताना गाडी चालवू नका, एसटीने या. खिडकीपाशी झोप लागली तर फार तर तासगाव चुकेल. कुठलंही ऑपरेशन करायचं झालं, अगदी दाताचं असलं तरी, भूलतज्ज्ञांना एएचआयचा आकडा सांगा आणि सीपॅप मशीन दवाखान्यात बरोबर न्या. गुंगीची आणि जोरदार वेदनाशामक औषधं अशा घशाला आणखी मिटवतात. रात्री झोप यावी म्हणून गोळी घेत असाल तर ती मशीनशिवाय नको, दारू तर नकोच.

डाइससाठी कान-नाक-घसा सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांचीही सवय बघून जागा निवडा. मिरजेत जमतं का आधी विचारा, नाहीतर पुणं आहेच. करताना त्यांना सांगा की चित्रफीत पेनड्राइव्हवर हवी. नुसत्या अहवालात पुष्कळदा 'घसा मिटतो' एवढंच लिहिलेलं असतं, आणि आपल्याला बघायचंय ते कसा मिटतो.